घाटीच्या दाराशी टक्कर

मराठवाड्यातले बरेच अवघड रुग्ण अखेर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येतात. समजा, तिथल्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी प्रश्न घेतला : मधुमेहामुळे पित्ताशयाचा आजार होतो का? वॉर्डातले केसपेपर हाताशीच असतात. मोह तिथेच होतो.

मानलेले आकडे घेऊन पाहू. १०,००० माणसं, प्रत्येक आजार १० टक्क्यांना आणि दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मग दोन्ही आजार १०० जणांना, फक्त एकच आजार प्रत्येकी ९०० जणांना. कोणत्याही एका आजाराने दाखल व्हायची शक्यता २० टक्के. दोन्ही असतील तर दोन वाटांनी मिळून ३६ टक्के. उरलेल्या ८,१०० पैकी १ टक्का इतर कारणांनी येतो. वॉर्डात पित्ताशयाचे २१६ रुग्ण होतात, त्यांत मधुमेही ३६, म्हणजे १७ टक्के. पित्ताशय ठीक असलेले २६१, त्यांत मधुमेही १८०, म्हणजे ६९ टक्के! पित्ताशयाचा आजार जणू मधुमेहापासून वाचवतो.

ही गफलत १९४६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जोसेफ बर्कसन यांनी मांडली, तीही याच दोन आजारांच्या उदाहरणावर. पुढे कारणांच्या आकृत्या काढणाऱ्यांनी तिच्या मुळाशी असलेल्या जागेला ‘कोलायडर’ म्हटलं, कारण दोन्ही आजारांकडून निघालेले बाण ‘दाखल होणं’ या एकाच ठिकाणी येऊन आदळतात. १९९९ मध्ये ग्रीनलँड, पर्ल आणि रॉबिन्स यांच्या लेखाने या आकृत्या साथरोगशास्त्रात रुळवल्या.

मग रिग्रेशनमध्ये काय घालायचं? वय घालायचंच : ते दोन्ही आजारांची शक्यता वाढवतं, म्हणून ते कन्फाउंडर. मधुमेहाने नसा बिघडून पित्ताशय नीट रिकामं होत नाही, त्यातून खडे होतात, असा एक मार्ग सांगितला जातो. हा मंदपणा मीडिएटर; तो घातला, तर मधुमेहाच्या एकूण परिणामातला तेवढा वाटा आपणच कापून टाकतो. दाखल होणं घालायचं नाही. पण सगळा नमुनाच वॉर्डातला असेल, तर ते न घालताही आत शिरलेलं असतं, आणि हातातल्या केसपेपरांवरचं कोणतंही सॉफ्टवेअर ते बाहेर काढू शकत नाही. संशय घ्यायची एक खूण आहे : तुलनेसाठी नेत्रविभागातले रुग्ण घेतले की एक उत्तर आणि अस्थिरोग विभागातले घेतले की दुसरं, तर दाराकडे बघावं.

खुद्द बर्कसन मात्र या दाराला जरा जास्तच घाबरले. धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं नातंही निवडीच्या दोषातून आलं असेल, असं ते म्हणत राहिले. डॉल आणि हिल यांचा १९५० चा अभ्यास रुग्णालयांतलाच असल्याने शंका गैर नव्हती. पण त्याच दोघांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ४०,००० डॉक्टरांना आधी सवयी विचारल्या, मग मृत्यू मोजले आणि १९५४ मध्ये पहिले निष्कर्ष मांडले. तिथे रुग्णालयात दाखल होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि नातं तसंच निघालं.