रडार ते ओटा: मायक्रोवेव्हच्या भीतीची गोष्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "आई मायक्रोवेव्हमध्ये काही गरमच करू देत नाही. म्हणते, अन्नात रेडिएशन शिरतं आणि जीवनसत्त्वं मरतात. तिला काय सांगू?"

आधी एक सांगतो, आईंना हसू नका. ही भीती कुठून आली, ते बघू.

१९४५ साल. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर हा इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करत होता. त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, अशी गोष्ट सांगतात. त्याने ऑक्टोबरमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे रेडिएशन या शब्दाने जग हादरलं, त्याच वर्षी मायक्रोवेव्हचा संबंध स्वयंपाकाशी जोडला गेला.

पुढे १९६७ मध्ये ओट्यावर मावणारा ओव्हन आला. त्याच सुमारास काही रंगीत टीव्हींमधून एक्स-रे बाहेर पडतात असं आढळलं, आणि १९६८ मध्ये अमेरिकेने कायदा केला. त्यात एक्स-रे आणि मायक्रोवेव्ह दोन्ही एकाच नावाखाली आले. ओव्हनवर बंधन घातलं गेलं ते दारातून होणाऱ्या गळतीचं, कारण या लहरींनी शरीर भाजू शकतं. अन्न किरणोत्सारी होतं म्हणून नव्हे.

ते होऊच शकत नाही. अणूचं केंद्रक अस्थिर करायला लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्या दिव्याच्या प्रकाशकणात असतात दोन-तीन. मायक्रोवेव्हच्या कणात एकाचा एक लाखावा भाग. तो फक्त पाण्याचे रेणू हलवतो, म्हणजे अन्न तापवतो. बटण बंद झालं की लहरी संपल्या, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच.

आता जीवनसत्त्वं. २००३ मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासात मायक्रोवेव्ह केलेल्या ब्रोकोलीतले ९७ टक्के फ्लॅव्होनॉइड गेले, आणि आकडा जगभर गाजला. पण तिथे ब्रोकोली पाण्यात घालून शिजवली होती. पाण्यात विरघळणारे घटक पाण्यात उतरतात, मग ते पाणी गॅसवर उकळलेलं का असेना. क जीवनसत्त्वाचंही तसंच. त्याला पाणी आणि जास्त वेळ, दोन्ही मारक. म्हणून भाजीवर चमचाभर पाणी शिंपडून, झाकण ठेवून, थोडाच वेळ लावली तर उकडण्यापेक्षा नुकसान सहसा कमीच होतं.

खरी अडचण वेगळीच आहे. अन्न सगळीकडे सारखं तापत नाही. कडेचा भात चटका देतो आणि मधला गारच राहतो. शिळं अन्न असेल तर त्या गार भागात जंतू जिवंत राहतात. म्हणून मध्ये एकदा ढवळा, आणि वाफ मधूनही येतेय का बघा.

तर आईंना सांगा, काळजी रास्त आहे, फक्त ती रेडिएशनची नको, ढवळण्याची करा. भेटू पुढच्या भागात.