गुदमरलेल्या पेशी

१९०९ साली गॉटवाल्ड श्वार्त्स या डॉक्टराच्या ध्यानात आले की, रेडियम त्वचेवर घट्ट दाबून धरले तर त्वचा कमी भाजते. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा तुटत होता. या निरीक्षणाचे मोल कळायला मात्र जवळपास अर्धे शतक जावे लागले.

१९५५ मध्ये इंग्लंडात टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. गाठ केवढीही असो, रक्तवाहिन्यांच्या बाजूचा जिवंत पेशींचा थर सुमारे ०.१८ मिलिमीटरहून जाड नव्हता. त्यापलीकडे मृत पेशीच. रक्तातून झिरपणारा प्राणवायू एवढ्याच अंतरात संपतो, हा त्यांचा हिशेब.

खरा धोका सीमेवरच्या, गुदमरलेल्या तरी जिवंत पेशींचा. किरणांनी डीएनएला केलेली इजा प्राणवायू पक्की करतो. तो नसला की बरीचशी इजा भरून निघते. अशा पेशी मारायला जवळपास तिप्पट मात्रा लागते आणि तेवढी शेजारच्या निरोगी पेशींना सोसत नाही.

गंमत अशी की, मात्रा अनेक दिवसांत विभागून देण्याची रीत आधीच रूढ होती. ती का लाभते, याचे एक कारण आता उमगले: बाहेरच्या पेशी मरतात, मग आतल्यांपर्यंत प्राणवायू पोहोचू लागतो. सगळ्यांपर्यंत मात्र नाही.