रुपयाचे गोल चित्र आणि प्लेफेअरचे स्तंभ

इ.स. १७८६. विल्यम प्लेफेअर नावाचा एक स्कॉटिश माणूस लंडनमध्ये व्यापाराच्या आलेखांचे एक पुस्तक प्रसिद्ध करतो. कधीकाळी जेम्स वॅटच्या हाताखाली नकाशे काढणाऱ्या या गृहस्थाला वर्षानुवर्षांच्या चढउताराच्या रेषा प्रिय होत्या. स्कॉटलंडपाशी मात्र त्याची पंचाईत झाली. त्याच्या हाती १७८०-८१ या एकाच वर्षाचे आकडे होते, आणि एका वर्षाची रेषा काढणार कशी? मग त्याने सतरा देश-प्रदेशांची नावे एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर आयात व निर्यातीचे आडवे पट्टे ओढले. हाच तो प्रसिद्ध स्तंभालेख. त्यात काळाची गती दिसत नाही, म्हणून खुद्द प्लेफेअरला तो कमअस्सल वाटत होता!

पुढे १८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेख काढला. तुर्की साम्राज्याचा आशिया, युरोप आणि आफ्रिका यांतील विस्तार त्याने एका वर्तुळाच्या तीन फाकांत दाखवला. फाका तीनच होत्या, हे ध्यानात असू द्यावे.

आता आपल्याकडे या. केंद्रीय अर्थसंकल्पात ‘रुपया जातो कुठे’ हे गोल चित्र असते. २०२४-२५ च्या जुलैमधील अर्थसंकल्पात त्याच्या नऊ फाका होत्या : करांतील राज्यांचा वाटा २१ पैसे, व्याज १९, केंद्रीय योजना १६, वित्त आयोग व इतर हस्तांतरणे ९, केंद्रपुरस्कृत योजना ८, संरक्षण ८, अनुदाने ६, निवृत्तिवेतन ४ आणि इतर खर्च ९.

या फाकांवरचे आकडे झाका आणि मित्राला विचारा, संरक्षण मोठे की हस्तांतरणे? एक पैसा म्हणजे वर्तुळाचा ३.६ अंशांचा कोन. दोन फाका वर्तुळाच्या दोन दिशांना असतील, तर एवढा फरक डोळ्याला कळत नाही. मध्यभागी भोक पाडून डोनट केला की कोनाचे टोकही नाहीसे होते आणि केवळ कमानीची लांबी उरते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की एकाच मापपट्टीवरची स्थिती माणूस सर्वांत अचूक वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ वाचताना अधिक चुकतो. तेच नऊ आकडे उतरत्या क्रमाने आडव्या स्तंभांत मांडा, एका पैशाला एक सेंटिमीटर. नऊ आणि आठ सेंटिमीटरमधला फरक पोरही सांगेल. पट्टी शून्यापासूनच सुरू करावी आणि ‘इतर’ हा स्तंभ ९ पैशांचा असला तरी सर्वांत खाली ठेवावा. तो एक खर्च नसून उरलेल्यांची मोट असते.

मग डोनट टाकाऊच काय? नाही. ‘व्याज आणि राज्यांचा वाटा मिळून रुपयातले ४० पैसे जातात’ एवढेच सांगायचे असेल, तर दोन-तीन फाकांचा डोनट ते एका नजरेत सांगतो. एका अखंड वस्तूचा हिस्सा ही जाणीव स्तंभ देत नाहीत.

पण ती अखंड वस्तू कोणती, हे आधी तपासावे लागते. त्या वर्षीचा एकूण खर्च सुमारे ४८.२० लाख कोटी रुपये. उत्साही मंडळी हाच आकडा डोनटच्या मध्यभागी लिहितात आणि तिथेच फसतात. राज्यांचा सुमारे १२.४७ लाख कोटींचा वाटा या खर्चात धरलेलाच नसतो. सरकारी चित्रात मात्र तो मिळवलेला असतो. म्हणजे ते वर्तुळ सुमारे ६०.६७ लाख कोटींचे आहे. व्याज सुमारे ११.६३ लाख कोटी. त्याला ६०.६७ ने भागा, १९ पैसे येतात; ४८.२० ने भागा, २४ येतात. वादविवादात दोन्ही आकडे फेकले जातात, आणि दोन्ही बरोबर असतात!

ट्रीमॅपचा जन्म मात्र एका भरलेल्या डिस्कमुळे झाला. १९९० मध्ये मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत चौदा जणांची सामाईक ८० मेगाबाइटची डिस्क सतत भरत असे. जागा कोण खातो, हे पाहण्यासाठी त्यांनी पडदाच चौकोनांत वाटला. मोठ्या चौकोनात लहान, त्यात आणखी लहान. मंत्रालय, त्यातले विभाग, त्यातल्या शेकडो योजना अशी उतरंड असेल तर ट्रीमॅपला तोड नाही. तेवढे स्तंभ काढायला पानेच्या पाने लागतील. पण ३×६ चा आयत मोठा की ४×४ चा चौरस, हे नजरेने ठरवून पाहा. शिवाय आपल्या खर्चाच्या तपशिलात वसुलीच्या रकमा उणे चिन्हाने येतात, आणि उणे क्षेत्रफळाचा चौकोन कुणालाच काढता येत नाही. स्तंभ तेवढा शून्याच्या डावीकडे निमूटपणे जातो.