चाकणचा माल आणि मॅकिंडरचा नकाशा

चाकण औद्योगिक पट्ट्यात तयार होणारा निर्यातीचा माल घाट उतरून न्हावा शेवा किंवा मुंबई बंदरात जातो. युरोपकडे निघालेली जहाजे एरवी तांबड्या समुद्रातून सुएझ कालवा गाठतात. २०२३च्या अखेरीस येमेनमधील हूती बंडखोरांनी या मार्गावर हल्ले सुरू केले. त्यानंतर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. भूराजनीतीच्या जुन्या सिद्धान्तांचे बळ आणि त्यांच्या मर्यादा, दोन्ही या घटनेत दिसतात.

अमेरिकी नौदल अधिकारी आल्फ्रेड महान यांनी १८९०च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की व्यापारी जहाजे, बंदरे व बलाढ्य आरमार ज्याच्याकडे असते, तोच जगावर वर्चस्व गाजवतो. १९०४ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत हॅलफर्ड मॅकिंडर यांनी याच्या उलट इशारा दिला. युरेशियाच्या अंतर्भागातील नद्या गोठलेल्या आर्क्टिकला किंवा भूवेष्टित समुद्रांना मिळतात. त्यामुळे आरमार तेथे पोहोचू शकत नाही. या प्रदेशात रेल्वेचे जाळे पसरले, की सागरी सत्तांचा काळ संपेल, असे त्यांचे अनुमान होते. १९१९ मध्ये त्यांनी या प्रदेशाला ‘हृदयभूमी’ म्हटले. त्यांच्या १९०४च्या नकाशात भारत तिच्याभोवतीच्या अर्धचंद्राकार किनारपट्टीत येतो.

पहिला आक्षेप त्याच सभेत निघाला. गोरखपूरमध्ये जन्मलेले लिओ अमेरी म्हणाले, की रेल्वे आणि जहाजांच्या जोडीला उद्या हवाई वाहतूक येईल. मग देश खंडाच्या मध्यभागी आहे की बेटावर, याला महत्त्व उरणार नाही. औद्योगिक सामर्थ्य व संशोधनशक्ती असलेले देश पुढे जातील.

आधुनिक अभ्यासकांची टीका आणखी मूलगामी आहे. जेरार्ड टोल यांच्या मते नकाशा तटस्थ नसतो; तो कोणी, कोणासाठी रेखाटला, हे आधी पाहावे लागते. मॅकिंडर यांची दृष्टी ब्रिटिश साम्राज्याच्या चिंतेतून घडली होती. जॉन ॲग्न्यू यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की राज्यसंस्थेला बंदिस्त पेटी मानणे हा सापळा आहे. चाकणमधील मोटारकारखान्यांचेच पाहा: काहींची मालकी जर्मन, कामगार येथील, सुट्या भागांचे पुरवठादार अनेक देशांतील आणि ग्राहक परदेशातही. असा उद्योग नेमका कोणत्या देशाचे बळ मानायचा, याचे उत्तर जुन्या नकाशात मिळत नाही.

तांबड्या समुद्रातील संकटाने चिंचोळ्या सामुद्रधुनीचे महत्त्व सिद्ध केले. तेवढ्यापुरते महान बरोबर ठरतात. परंतु ती वाट रोखणाऱ्यांकडे मोठे आरमार नव्हते. किनाऱ्यावरून सोडलेली क्षेपणास्त्रे आणि ड्रोन त्यांना पुरेसे ठरले. भूगोल तोच राहिला. त्याचा अर्थ तंत्रज्ञानाने बदलला.