पहिले चार तास आणि उरलेली रात्र

कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बेंगळुरूत उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांत काम करणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींची रात्र या फरकावर बेतलेली असते. कॉल संपेपर्यंत बारा वाजतात, रिलीज असेल तर दोन-अडीच होतात, आणि सकाळची मीटिंग काही टळत नाही. साडेचार तासांच्या झोपेने भागतं का, असं विचारलं की एक उत्तर हमखास मिळतं. गाढ झोप पहिल्या तीन-चार तासांतच होऊन जाते. नंतरची झोप हलकी, स्वप्नांची. तेव्हा एखादी रात्र तोकडी पडली तर डोळे जड होतील, चिडचिड होईल. पण हृदयाला हवी तेवढी विश्रांती मिळालेली असते.

या मताचं खंडन करायचं तर आधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे, कारण त्यातलं पहिलं विधान खरं आहे. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांशात येतो, आणि उशिरा झोपलेला माणूसही तो बहुतेक वसूल करतो. पुढचा पुरावाही वरकरणी याच बाजूचा आहे. १९९३ साली व्हिरेंड सोमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या पायातल्या मज्जातंतूत बारीक सुई ठेवून अनुकंपी चेतासंस्थेचे संदेश थेट नोंदवले. गाढ झोपेत ते खूप कमी झाले होते. स्वप्नांच्या झोपेत मात्र जागेपणीपेक्षाही जास्त होते. म्हणजे उत्तररात्री, जिथे स्वप्नांची झोप जास्त असते, तिथे शरीर आतून खवळलेलं असतं. असा भाग गमावला तर हृदयाचं नुकसान कसलं? उलट फायदाच व्हायला हवा.

तसं होत नाही. जपानमध्ये तोचिकुबो आणि सहकाऱ्यांनी तांत्रिक काम करणाऱ्या १८ पुरुषांची दोन दिवसांची तुलना १९९६ साली प्रसिद्ध केली. एका दिवसाआधी सुमारे आठ तासांची झोप होती, दुसऱ्याआधी सरासरी ३.६ तासांची. तोकड्या रात्रीनंतरच्या दिवशी रक्तदाब आणि नाडी दोन्ही वर होती. इटलीत लुसार्दी यांच्या गटाने सौम्य ते मध्यम उच्च रक्तदाब असलेल्या, औषध सुरू न झालेल्या रुग्णांना रात्रीचा पहिला भाग जागं ठेवलं. त्यांची नाडी आणि दाब त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळीही चढलेले मिळाले, आणि लघवीतून जाणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिनही वाढलेलं होतं. या माणसांनीही उरलेल्या रात्रीत झोप घेतलीच होती. ‘गाढ झोप झाली की काम झालं’ हे खरं असतं तर सकाळची नाडी जागच्या जागी यायला हवी होती.

चूक कुठे होते? हृदय फक्त झोपेचे टप्पे मोजतं, असं गृहीत धरण्यात. त्याच्यावर एक दुसरं घड्याळही चालतं. शरीराचं तापमान रात्रभर उतरत जातं आणि पहाटे, उठण्याच्या दोनेक तास आधी, तळाला पोचतं. नाडीचाही कल त्याच दिशेने असतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची पातळी झोप लागल्यावर खाली येते, आणि जागं असलेल्या माणसात ती तशी येत नाही. आता अडीचला आडवा झालेला आणि सातला उठलेला इंजिनिअर बघा. मध्यरात्रीनंतरचे अडीच तास तो प्रकाशात, पडद्यासमोर, न उतरलेल्या पातळीवर बसून होता. झोप लागली तेव्हा उतरण उशिरा सुरू झाली, आणि ती पुरती तळाला जाण्याआधी किंवा जाऊन थोडा वेळ होतो न होतो तोच गजर झाला. गाढ झोप त्याला मिळाली. मंद नाडीवर घालवायचे तास मिळाले नाहीत.

इथे नाडी ‘चढते’ म्हणजे काय होतं, हेही पाहू. हृदयाच्या स्पंदनकेंद्राला एकटं सोडलं तर तरुण माणसात ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतं. विश्रांतीत आपल्याला साठ-सत्तर दिसतात ते व्हेगस नावाच्या मज्जातंतूने धरलेल्या लगामामुळे. म्हणून विश्रांतीची नाडी पाच ठोक्यांनी वाढली तर ती अनुकंपी बाजूने हाकली म्हणून वाढली असेल, लगाम सैल झाला म्हणून वाढली असेल, किंवा दोन्ही थोडं थोडं झालं असेल. नुसत्या नाडीवरून हे सांगता येत नाही. त्यासाठीच ठोक्या-ठोक्यातल्या अंतराची चंचलता, म्हणजे एचआरव्ही, पाहतात. व्हेगसचा संदेश एका ठोक्याच्या आत परिणाम करतो. अनुकंपी संदेशाला काही सेकंद लागतात. त्यामुळे लागोपाठच्या ठोक्यांतला बारीक फरक मुख्यतः व्हेगसचा असतो. मनगटावर तीन बोटं ठेवून सावकाश श्वास घेतला तर तो बोटांना कळतो: श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात. तरुण माणसात, शांत पडलेलं असताना, हे स्पष्ट लागतं.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. चांगल्या झोपेनंतर पाच अंतरं, मिलिसेकंदांत: ९८०, १०३०, ९७०, १०२०, ९९०. सरासरी ९९८, म्हणजे नाडी ६०. लागोपाठचे फरक ५०, ६०, ५०, ३०. त्यांचे वर्ग घेऊन सरासरी काढली तर २३७५, आणि वर्गमूळ सुमारे ४९. घड्याळातल्या अ‍ॅपमध्ये जो एचआरव्हीचा आकडा दिसतो तो बऱ्याचदा असाच, आरएमएसएसडी या रीतीने, काढलेला असतो; फक्त पाच नव्हे, काही मिनिटांच्या ठोक्यांवरून. तोकड्या रात्रीनंतर: ९००, ९२०, ८९५, ९१५, ९००. सरासरी ९०६, नाडी ६६. फरक २०, २५, २०, १५. वर्गमूळ सुमारे २०.

इथे एक चाणाक्ष शंका येते: नाडी वाढली की अंतरं लहान होतात, अंतरं लहान झाली की फरकही लहान होणारच, मग एकच गोष्ट दोनदा सांगितली जात नाही का? अंशतः तसं होतं, आणि अ‍ॅपवरचे दोन बाण पाहून ‘दोन पुरावे’ म्हणणारे इथे फसतात. पण त्याची चाचणी सोपी आहे. फरकाला सरासरी अंतराने भागा. पहिल्या सकाळी ४९ भागिले ९९८, म्हणजे सुमारे ५ टक्के. दुसऱ्या सकाळी २० भागिले ९०६, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. नुसतं प्रमाण असतं तर ४९चे ४४-४५ झाले असते, २० नव्हे. हा टक्का पडला तर लगाम सैल झाला असं म्हणायला आधार मिळतो. टक्का तोच राहिला आणि नाडी वाढली, तर कारण बहुधा दुसरीकडे शोधायला लागेल.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम प्रयोग. सोमर्स यांच्याच गटात कातो यांनी २००० साली निरोगी माणसांना रात्रभर जागवून दुसऱ्या दिवशी मोजलं. रक्तदाब वाढला, पण नाडी लक्षणीय वाढली नाही, आणि स्नायूंकडे जाणारे अनुकंपी संदेश चक्क कमी झाले. एक क्षणही झोप न घेता नाडी वाढत नसेल, तर साडेचार तासांच्या झोपेने ती कशी वाढेल, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच प्रयोगात आहे. दाब वाढला की मानेतल्या धमन्यांमधले संवेदक मेंदूला कळवतात आणि मेंदू अनुकंपी बाजू आवरतो, नाडीही धरून ठेवतो. जागरणाचा ताण नाडीला वर ढकलतो, वाढलेला दाब तिला खाली दाबतो. मोजणीच्या वेळी यातली कुठली बाजू वरचढ ठरते त्यावर आकडा ठरतो. पलंगावर निवांत आडव्या माणसात मोजलेली नाडी आणि कामाच्या दिवसभर मोजलेली नाडी म्हणूनच वेगळं सांगू शकतात. चंचलतेबाबतही सगळे प्रयोग एका सुरात बोलत नाहीत. काहींत ती स्पष्ट घटली, काहींत हलली नाही. तेव्हा ‘प्रत्येकाची, प्रत्येक वेळी’ असा दावा मी करत नाही. ‘काहीच होत नाही’ हा दावा मात्र टिकत नाही.

मनगटावरच्या घड्याळावर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. बेंगळुरूजवळच्या जिगणी इथल्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानात संजीब पात्रा आणि शर्ली टेलेस यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दिवशी आवर्तन ध्यान केलं त्या रात्री झोपेतली नाडी कमी आणि व्हेगसकडे बोट दाखवणारी चंचलता जास्त मिळाली. नुसतं पडून राहिलेल्या दिवसानंतर तसं झालं नाही. म्हणजे रात्रीचा आकडा दिवसाचाही हिशेब देतो. रिलीजच्या रात्री माणूस एक वाजता बिर्याणी मागवतो, दोनदा कॉफी पितो, कधी रिलीज पार पडल्याची बिअरही होते. यातली प्रत्येक गोष्ट एकटी नाडी वाढवू शकते. झोपेचा वाटा वेगळा काढायचा तर उशिरा झोपलेल्या पण जेवण वेळेवर झालेल्या, दारू न घेतलेल्या रात्री निवडायला लागतील. आणि मोजणी रोज त्याच पद्धतीने: जाग आल्यावर, लघवीला जाऊन येऊन, पाच मिनिटं उताणं पडून, कॉफीच्या आधी. तुलना स्वतःच्याच मागच्या दोन आठवड्यांच्या सरासरीशी. शेजारच्या डेस्कवरच्या मित्राशी नव्हे, कारण निरोगी माणसांत एचआरव्हीचा आकडा वीसही असतो आणि ऐंशीही. ताप येण्याआधीही नाडी अशीच चढते, तेव्हा झोप भरूनही ती वर राहिली तर दुखणं आहे का ते बघावं.

एका रात्रीचा बदल लहान असतो, हे मान्य. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या गटाने २०२३ साली १५ तरुण पुरुषांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला: तीन रात्री दहा तास, मग पाच रात्री पाच तास, मग भरपाईच्या दोन रात्री पुन्हा दहा तास. नाडी रोज साधारण एका ठोक्याने वाढत गेली. सुरुवातीला ६९ होती. भरपाईच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ७८च्या आसपास होती. माणसं थोडी होती, आणि पूर्ण झोप घेणारा दुसरा गट तुलनेला नव्हता, ही त्या प्रयोगाची मर्यादा. पण सोमवार ते शुक्रवार पाच तास आणि शनिवार-रविवार दुपारपर्यंत अंथरुणात, हाच बेळ्ळंदूरच्या कितीतरी फ्लॅटमधला आठवडा आहे. रोजचा एक ठोका जाणवत नाही, म्हणून ‘काही होत नाही’ असं वाटतं. रोस्टर लावणाऱ्याने उशिराच्या रात्री सलग पाच न देता दोनपुरत्या तोडल्या, तर तिसऱ्या-चौथ्या सकाळी नाडी मूळ जागी येते की नाही, हे मनगटावरच्या घड्याळातूनच तपासता येईल.