@ybl म्हणजे नक्की कोण?

५ मार्च २०२० ची संध्याकाळ. रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले: खातेदाराला महिनाभरात ५० हजारांपेक्षा जास्त काढता येणार नाहीत. येस बँकेच्या खातेदारांची झोप उडणं साहजिकच होतं. पण त्या रात्री ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं, अशा लोकांचीही फोनपेवरची यूपीआय देवाणघेवाण बंद पडली. खातं दुसऱ्याच बँकेत, पैसे तिथे शाबूत, आणि पेमेंट काही केल्या जात नाही!

उत्तर यूपीआय पत्त्यातच होतं. फोनपेवरचा पत्ता @ybl ने संपायचा आणि त्याचा अर्थ येस बँक लिमिटेड. यूपीआयच्या जाळ्यात अ‍ॅपला थेट प्रवेश नसतो, कुठल्यातरी बँकेमार्फतच आत जावं लागतं. फोनपेने तेव्हा ते काम एकट्या येस बँकेवर सोपवलं होतं. गुगल पेकडे मात्र चार बँका होत्या (@okaxis, @okicici वगैरे), म्हणून ते चालू राहिलं. फोनपेने धावपळ करून साधारण एका दिवसात आयसीआयसीआय बँकेमार्फत सेवा पुन्हा सुरू केली. @ibl हा पत्ता तिथूनच आला.

म्हणजे अ‍ॅप हा फक्त दर्शनी भाग. पैसे कोणाच्या ताब्यात आहेत हा खरा प्रश्न. आमच्या नवी मुंबईतलंच उदाहरण घेऊ. समजा, सारसोळ्याला कोळणीकडून ६०० रुपयांची सुरमई घेतली आणि यूपीआयने पैसे दिले. रक्कम तुमच्या बँकेतून निघून थेट तिच्या बँकेत गेली. मधल्या अ‍ॅपच्या हाताला एक पैसाही लागला नाही.

आता तेच पैसे वॉलेटमधून दिले असं समजा. इथे रक्कम तुमच्या खात्यातून निघाली ती वॉलेट भरलंत त्या दिवशीच. बँकेतर कंपनीचं वॉलेट असेल तर ती रक्कम कंपनीने एखाद्या बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळी ठेवलेली असते. पण ते तुमचं बँक खातं नव्हे. त्यावर व्याज नाही, आणि बँक ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून असलेलं पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षणही नाही.

तिसरा प्रकार अ‍ॅग्रिगेटर. तीच सुरमई तुम्ही एखाद्या वेबसाइटवरून मागवली आणि कार्डाने पैसे भरले, तर ते आधी अ‍ॅग्रिगेटरच्या एस्क्रो खात्यात जातात आणि मग ठरलेल्या मुदतीत दुकानदाराला मिळतात. अ‍ॅग्रिगेटरकडे तुमची शिल्लक वगैरे काही नसते, त्याचा करार दुकानदाराशी. मुंबईची बिलडेस्क २००० सालापासून हेच करते आहे, पण बँकेतर अ‍ॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी सक्तीची झाली ती १७ मार्च २०२० च्या नियमांनी. म्हणजे येस बँक प्रकरणानंतर बाराच दिवसांनी. नुसती तांत्रिक जोडणी पुरवणाऱ्या गेटवेला ही सक्ती नाही, कारण तो पैशाला हात लावत नाही.

गोंधळ होतो तो तिन्ही एकाच नावाखाली आली की. पेटीएमचंच बघा ना. अ‍ॅप वन९७ कम्युनिकेशन्सचं, वॉलेट आणि बचत खाती तेव्हा पेटीएम पेमेंट्स बँकेची होती, आणि दुकानदारांचे ऑनलाइन पैसे गोळा करणारी पेटीएम पेमेंट्स सर्व्हिसेस ही तिसरीच कंपनी. ३१ जानेवारी २०२४ चा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता बँकेवर. त्यामुळे १५ मार्चनंतर त्या बँकेच्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये नवी रक्कम भरता येईना, असलेली शिल्लक मात्र वापरता येत होती. अ‍ॅपवरचं यूपीआय बंद पडलं नाही, कारण आदल्याच दिवशी, १४ मार्चला, एनपीसीआयने वन९७ ला चार इतर बँकांमार्फत यूपीआय चालवायला परवानगी दिली. अनेकांनी मात्र 'पेटीएम बंद झालं' एवढंच ऐकलं.

मग तपासायचं कसं? अ‍ॅपचं झगमगीत नाव सोडा, त्याच्या अटी-शर्ती उघडा आणि कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव शोधा. वॉलेटच्या अटी वेगळ्या असतात, त्यातलं नावही वेगळं असू शकतं. मग ते नाव रिझर्व्ह बँकेच्या साइटवर, २००७ च्या पेमेंट कायद्याखाली परवानगी दिलेल्यांच्या यादीत बघा. तिथे वॉलेटवाले (म्हणजे प्रीपेड पेमेंट साधनं देणारे) आणि अ‍ॅग्रिगेटर वेगवेगळ्या मथळ्यांखाली आहेत. बँकांची यादी निराळी. यूपीआय अ‍ॅप कुठल्या बँकांवर उभं आहे ते एनपीसीआयच्या यादीत सापडतं.

एक मेख आहे. या यादीत ब्रँड नव्हे, कंपनी शोधावी लागते, आणि एका कामाचा परवाना दुसऱ्या कामाला चालत नाही. 'आरबीआय मान्यताप्राप्त' असं कोणी लिहिलं असेल तर विचारा, मान्यता नेमकी कशाची?

असो. आज आपल्या यूपीआय पत्त्यातलं @ च्या पुढचं एकदा वाचून बघाच.