कोष्टके व आकृत्या, शोधलेखातील
नियतकालिकाच्या नियमांनुसार कोष्टके व आकृत्यांचे क्रमांक, शीर्षके व जागा बदलण्याचे काम. समजा, नंदुरबार जिल्ह्यातील सिकलसेल आजारावरच्या प्रबंधातून लेख काढला. प्रबंधात क्रमांक सहसा प्रकरणवार असतात. तिथले ‘कोष्टक ४.३’ लेखात ‘कोष्टक १’ होऊ शकते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींनुसार मजकुरातील पहिल्या उल्लेखाच्या क्रमाने क्रमांक द्यायचे असतात. म्हणून धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांची तुलना करणारा परिच्छेद मागे-पुढे हलवला, की त्यातल्या कोष्टकाचा क्रमांकही बदलावा लागू शकतो. इथे चुका सहज होतात. संक्षेपांचा खुलासा शीर्षकात न देता कोष्टकाखालच्या टिपेत द्यावा. तालुक्यांच्या नकाशाचे शीर्षक चित्रावर न छापता वेगळे लिहावे. कोष्टकांची जागा नियतकालिकागणिक बदलते; काही नियतकालिके कोष्टके लेखाच्या शेवटी मागतात. लेख पाठवण्यापूर्वी मजकुरातले फक्त उल्लेख वाचत जावे. ‘कोष्टक २’च्या आधी ‘कोष्टक ३’ भेटले, तर क्रम चुकलेला आहे.